कागदावरचं बिलेट

31 मार्च 2022 ला सकाळी साडेसात वाजता मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रोलिंग मिलच्या यार्डात वही घेऊन उभी होते. वर्षअखेरची साठा मोजणी होती. बिलेटच्या थप्प्या मोजायच्या, प्रत्येक थप्पीतले चार-पाच नग काट्यावर टाकून सरासरी वजन काढायचं आणि नगांना त्या वजनाने गुणायचं, हे काम मी दरवर्षी करत आले होते. त्या दिवशी गुणाकार तीनदा केला. कॉम्प्युटरमध्ये जेवढा साठा दिसत होता, त्यापेक्षा यार्डातला माल 96 टनांनी कमी होता.

फोरमन मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ताई, चोरी नाही झाली. सगळं भट्टीत गेलं अन् कटिंगला गेलं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" कोणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं. पण मीही विचारलं नव्हतं, आणि मी हिशेब ज्या पद्धतीने बसवला होता त्यात विचारायची वेळच येत नव्हती. ती चूक माझी होती. जालन्यातल्या मिलमध्ये, भट्टीत, जिनिंगमध्ये किंवा बियाणांच्या प्रोसेसिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या कुणाच्या हातून ती होऊ नये, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या मिलमध्ये सळईचा खर्च स्टँडर्ड धरून काढायचे. वर्षाच्या सुरुवातीला ठरलं होतं की बिलेटचा दर टनाला 50,000 रुपये धरायचा, तोही गेटपर्यंतच्या भाड्यासह आणि जीएसटी सोडून. एक टन सळईसाठी 1,050 किलो बिलेट धरायचं. वरच्या 50 किलोंपैकी 25 किलो एंड कटिंग आणि मिस रोलमध्ये जातात, म्हणजे भंगार म्हणून परत मिळतात. उरलेले 25 किलो भट्टीत जळतात, त्यांची खपली होते. आम्ही तिला स्केल म्हणतो.

जानेवारीपासून मी टॅलीमध्ये सळईचं `Bill of Materials` तयार केलं आणि `Manufacturing Journal` टाकायला लागले. रोज संध्याकाळी किती सळई निघाली ते भरायचं, की 1.05 पट बिलेट आपोआप साठ्यातून वजा व्हायचं. तो आकडा बदलता येतो, प्रत्यक्ष वापर तिथे भरता येतो, हे मला माहीत होतं. पण प्रत्यक्ष वापर कळायला भट्टीच्या तोंडाशी असलेली चार्जिंगची वही रोज मागवावी लागली असती. मी ती मागवली नाही. त्यामुळे पुस्तकात बिलेटचा वापर कायम स्टँडर्डइतकाच पडत राहिला. ज्या हिशेबात वापर उत्पादनावरून उलटा काढला जातो, त्यात वापराची तफावत कधीच दिसत नाही, ती नेहमी शून्य येते. जादा गेलेला माल कागदावर साठा म्हणून पडून राहतो.

दुसरी चूक दराची होती. 24 फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये भंगार, स्पंज आयर्न, बिलेट सगळ्यांचे दर चढले. मी बिलेट ज्या दराचं बिल आलं त्याच दराने साठ्यात घेत होते. महिनाअखेर नफा कमी दिसला की मालक विचारायचे, आणि मी सांगायचे, "मालक, बाजार चढलाय." तेही खरंच होतं. पण चढलेल्या बाजाराच्या आड दुसरं काही चाललं आहे का, हे माझ्या पुस्तकातून कुणालाच कळलं नसतं. शिवाय दर महिन्याला बँकेला साठ्याचं पत्रक जात होतं, त्यावरच उचल ठरत होती. त्या पत्रकात नसलेलं बिलेट मी असल्याचं दाखवलं होतं. एप्रिलमध्ये दुरुस्त पत्रक घेऊन बँकेत जावं लागलं, तो दिवस मी विसरलेले नाही.

आता नोंदी कशा व्हायला हव्या होत्या ते सांगते. आधीच्या दोन महिन्यांचा गुंता बाजूला ठेवून फक्त मार्च घेते. सुरुवातीचा साठा शून्य धरते आणि आकडे गोल करते, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळता येईल. महिन्यात 1,200 टन बिलेट टनाला 54,000 रुपयांनी घेतलं. सळई निघाली 1,000 टन. भट्टीत प्रत्यक्षात गेलं 1,090 टन बिलेट. महिनाअखेर यार्डात उरलं 110 टन.

पहिली नोंद माल गेटमधून आत येतो तेव्हाची. साठा खात्यात बिलेट स्टँडर्ड दरानेच घ्यायचं. पुरवठादाराला मात्र बिलाची पूर्ण रक्कम द्यायची असते, म्हणून त्याचं खातं खऱ्या दराने जमा होतं. मधला फरक दर-तफावत खात्यात पडतो.

बिलेट साठा खाते नावे 6,00,00,000
दर-तफावत खाते नावे 48,00,000
पुरवठादार खाते जमा 6,48,00,000

1,200 टनांवर टनामागे 4,000 रुपये, म्हणजे 48 लाख. तफावत प्रतिकूल आहे म्हणून खातं नावे पडलं. दर स्टँडर्डपेक्षा कमी मिळाला असता तर हेच खातं जमा झालं असतं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो वेगळ्या खात्यात जातो, तफावतीत धरायचा नाही. भाड्याच्या बाबतीत मी एकदा फसले आहे. स्टँडर्ड दरात भाडं धरलेलं होतं आणि मी तुलना नुसत्या बिलाच्या दराशी केली. महिनाभर दर-तफावत प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली. दोन्ही बाजूंना तोच दर हवा, एक तर दोन्हीकडे पोहोच दर किंवा दोन्हीकडे भाडं सोडून.

काही जण साठा खऱ्या दराने ठेवतात आणि माल वापरात जाताना दर-तफावत काढतात. तशी काढली तर ती 1,090 टनांवर येते, म्हणजे 43 लाख 60 हजार. पद्धत चुकीची नाही. पण मी खरेदीच्या वेळीच काढावी या मताची आहे. त्यात दर चढल्याची बातमी बिल आलं त्याच दिवशी पुस्तकात येते, माल महिनाभराने भट्टीत जाईपर्यंत थांबत नाही. दुसरं असं, की साठा खातं आणि यार्ड यांची तुलना सोपी होते. साठा खात्याची रक्कम 50,000 ने भागली की टन मिळतात. तो आकडा थेट यार्डातल्या मोजणीशी ताडून पाहता येतो. मी सुरुवातीपासून असं केलं असतं तर फरक जानेवारीतच सापडला असता.

दुसरी नोंद वापराची. 1,000 टन सळईला 1,050 टन बिलेट मंजूर आहे. गेलं 1,090. चालू कामाच्या खात्यात मंजूर तेवढंच जातं, साठ्यातून मात्र गेलं तेवढं सगळं बाहेर पडतं.

चालू काम खाते नावे 5,25,00,000
वापर-तफावत खाते नावे 20,00,000
बिलेट साठा खाते जमा 5,45,00,000

इथे दर 50,000 चाच लावायचा, 54,000 नाही. नवखी माणसं इथे हमखास गोंधळतात. 40 टन जादा गेले त्याला जबाबदार भट्टी आणि मिल. दर चढला त्याला त्यांचा काही संबंध नाही. वापर-तफावत खऱ्या दराने काढली तर बाजार चढलेल्या महिन्यात मिलची माणसं उगाच जास्त दोषी दिसतात आणि उतरलेल्या महिन्यात उगाच शहाणी ठरतात.

आता 1,090 हा आकडा कुठून आणायचा? सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा मोजलेला शेवटचा साठा, हा एक मार्ग. त्याला मोजणीची वाट पाहावी लागते. रोजचा मार्ग म्हणजे चार्जिंगची वही. भट्टीत किती नग ढकलले आणि त्या लॉटचं सरासरी वजन काय, एवढंच त्यात लागतं. मी आता दोन्ही ठेवते, दर शनिवारी दोघांचा मेळ घालते आणि टॅलीत आपोआप आलेला आकडा पुसून वहीतला भरते.

पण 40 टन जादा गेले एवढ्यावर थांबलं तर मालकांच्या हाती काहीच लागत नाही. ते कसे गेले हे कळायला हवं. इथे मामांनी मला खूप शिकवलं. कटिंग आणि मिस रोल काट्यावर वेगळे टाकता येतात, ते मार्चमध्ये 53 टन भरले. मंजूर 25 होते, म्हणजे 28 जादा. स्केलचं मात्र तसं नाही. मी उत्साहाने स्केल तोलायला निघाले तेव्हा मामा म्हणाले, "ताई, त्याचं वजन लोखंडाचं वजन नसतं." ते बरोबर होतं. स्केल म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळलेला असतो. 100 किलो स्केलमध्ये साधारण 75 किलोच लोखंड असतं. शिवाय तिच्यात पाणी आणि माती येते. म्हणून जळालेला माल वजाबाकीनेच काढावा लागतो. 1,090 मधून 1,000 सळई आणि 53 कटिंग वजा केलं की उरतात 37 टन. मंजूर 25, जादा 12.

या वजाबाकीत एक धोका आहे. सळईचं वजन काट्यावर घेतलेलं हवं. काही ठिकाणी उत्पादन नग मोजून लिहितात. 12 मिमीच्या सळईचं वजन मीटरला 0.888 किलो, म्हणजे 12 मीटरच्या नगाला 10.66 किलो, गुणिले नग. पण आयएस 1786 या मानकात 12 मिमीच्या सळईला वजनात 5 टक्के कमी-जास्त चालतं. रोल झिजले आणि सळई जरा जाड निघाली, तर ते जादा लोखंड गिऱ्हाइकाच्या सळईत जातं आणि तुमच्या वजाबाकीत मात्र जळालेलं दिसतं. भट्टीवाल्याला बोलण्याआधी हे बघून घ्यावं. आमच्याकडे सळई काट्यावरच तोलली जात होती, म्हणून 12 टनांचा आकडा खरा निघाला.

आता कारणांकडे. कटिंग का वाढलं? दर भराभर चढत असताना खरेदी सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने मिळेल तिथून बिलेट उचललं होतं, आणि त्यात लांबीला कमी-जास्त असलेला माल बराच होता. बिलेटचं वजन नेमकं नसलं की शेवटचा तुकडा 12 मीटरचा भरत नाही, तो कटिंगमध्ये जातो. जळण का वाढलं? मार्चमध्ये मिल वारंवार थांबली, आणि थांबलेली असताना भट्टी पूर्ण तापमानावरच ठेवली गेली. तापलेलं बिलेट आत जितका वेळ बसतं तितकी त्यावर खपली चढते.

या आकड्यांवर झालेल्या बैठकीत सगळे खरेदीवाल्या सहकाऱ्यावर तुटून पडले. 28 टन कटिंग त्याच्यामुळे, 12 टन जळण भट्टीमुळे, तेव्हा मोठा दोष त्याचाच, असं सगळ्यांना वाटलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी रुपये मांडले. कटिंग भंगार म्हणून परत बिलेट बनवणाऱ्या भट्टीवाल्यांना जातं, त्याचा स्टँडर्ड दर आम्ही टनाला 35,000 धरला होता. नेहमीच्या 25 टनांचं उत्पन्न सळईच्या स्टँडर्ड खर्चात आधीच वजा धरलेलं असतं. जादा 28 टनांचं धरलेलं नसतं, म्हणून त्याची वेगळी नोंद करावी लागते.

कटिंग साठा खाते नावे 9,80,000
वापर-तफावत खाते जमा 9,80,000

आता खऱ्या दराने पाहा. 28 टन बिलेटला 54,000 प्रमाणे 15 लाख 12 हजार लागले, त्यातले 9 लाख 80 हजार परत आले. निव्वळ तोटा 5 लाख 32 हजार. जळालेल्या 12 टनांतून मात्र जवळजवळ काहीच परत येत नाही, तो तोटा 6 लाख 48 हजार. टनांत छोटा दिसणारा आकडा रुपयांत मोठा निघाला. शिवाय त्या महिन्यात नेमक्या लांबीचं बिलेट आम्हाला 56,000 च्या खाली कुणी देत नव्हतं. सहकाऱ्याने 54,000 ला आणून 1,200 टनांवर 24 लाख वाचवले होते. दर-तफावत 48 लाख प्रतिकूल दिसते, तिच्यात बाजाराने नेलेले 72 लाख आहेत आणि त्याने वाचवलेले 24 लाख. जादा कटिंगमुळे मिलचा थोडा वेळ आणि वीज गेली हे धरूनही त्याची खरेदी फायद्याचीच होती. सुधारायची गोष्ट भट्टीपाशी होती. मिल अर्ध्या तासाहून जास्त थांबणार असेल तर भट्टीचं तापमान उतरवायचं, हा नियम त्या बैठकीत ठरला. दोन्ही तफावती एकाच खात्यात टाकल्या असत्या, तर शिक्षा नको त्या माणसाला झाली असती.

शेवटचं काम वर्षअखेरचं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिथे होतात. दर-तफावतीचे 48 लाख सरळ नफा-तोट्याला टाकणारे मी पाहिलेत, आणि सगळ्या तफावती साठ्यावर चढवणारेही. साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक, एएस 2, स्टँडर्ड खर्च वापरायला परवानगी देतं, पण तो खऱ्या खर्चाच्या जवळपास हवा. आणि प्रमाणाबाहेर वाया गेलेल्या मालाचा खर्च साठ्यात धरायला ते मनाई करतं. म्हणून दर-तफावत माल जिथे जिथे गेला तिथे तिथे वाटायची. 1,200 टन कुठे आहेत? 110 टन यार्डात, त्यांच्या वाट्याला 4 लाख 40 हजार. 1,000 टन सळईपैकी 300 टन विकायची राहिली होती, तिच्यात 315 टन बिलेट आहे, वाटा 12 लाख 60 हजार. विकलेल्या 700 टनांत 735 टन बिलेट, वाटा 29 लाख 40 हजार. आणि जादा गेलेले 40 टन, त्यांचे 1 लाख 60 हजार. बेरीज बरोबर 48 लाख येते.

बिलेट साठा समायोजन खाते नावे 4,40,000
सळई साठा समायोजन खाते नावे 12,60,000
विक्रीचा खर्च खाते नावे 29,40,000
जादा वाया माल खाते नावे 1,60,000
दर-तफावत खाते जमा 48,00,000

जादा वाया माल खाते नावे 10,20,000
वापर-तफावत खाते जमा 10,20,000

जादा वाया माल खात्यात 11 लाख 80 हजार झाले. कटिंगचे 5 लाख 32 हजार आणि जळणाचे 6 लाख 48 हजार यांची बेरीज तेवढीच आहे. ही रक्कम त्याच वर्षाच्या नफ्यातून जाते, साठ्यात एक रुपयाही ठेवायचा नाही. समायोजनाची वेगळी खाती यासाठी, की मूळ साठा खाती स्टँडर्ड दरानेच राहावीत. 1 एप्रिलला फक्त या दोन समायोजन खात्यांच्या रकमा उलट्या करायच्या, म्हणजे तफावत पुन्हा खात्यात येऊन विक्रीबरोबर पुढे सरकते. नोंदीखालच्या वर्णनात मी "माल नष्ट" किंवा "माल हरवला" असे शब्द लिहीत नाही. "रोलिंग प्रक्रियेतील घट, भट्टी व कटिंग" असं लिहिते आणि चार्जिंगची वही जोडते. नष्ट किंवा हरवलेल्या मालावर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. प्रक्रियेतली घट ही वेगळी गोष्ट आहे, आणि ढिसाळ शब्दामुळे तिच्यावर उगाच प्रश्न येतो. हे मात्र प्रामाणिकपणे करावं. खरोखर चोरी झाली असेल तर तसंच लिहावं आणि क्रेडिट परत करावं.

साठ्यावर चढवलेल्या दर-तफावतीवर पुढेही लक्ष ठेवावं लागतं. त्याच वर्षी 22 मे पासून केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावलं आणि दर उतरले. जूनअखेर ज्यांच्या साठ्यावर चढ्या बाजारातली तफावत तशीच बसलेली होती, त्यांचा साठा विक्रीच्या किमतीहून महाग दिसत होता. अशा वेळी साठा विक्रीतून निव्वळ हाती येणाऱ्या किमतीपर्यंत खाली आणावाच लागतो.

स्टँडर्ड कधी बदलायचं, हे मला अनेक जण विचारतात. दराचं स्टँडर्ड आम्ही आता दर तिमाहीला पाहतो, कारण 50,000 चा आकडा सहा महिने खोटा राहिला तर प्रत्येक महिन्याला तेवढीच तफावत येते आणि माणसं ती वाचणं सोडून देतात. वापराचं स्टँडर्ड मात्र मी सहजासहजी बदलू देत नाही. बैठकीनंतर कुणीतरी सुचवलं होतं की 1,050 चं 1,090 करून टाका, म्हणजे तफावतच येणार नाही. मी नाही म्हणाले. मिल तीच, भट्टी तीच, आणि याच भट्टीने आधीच्या वर्षी 1,048 वर काम करून दाखवलं होतं. एप्रिलपासून भट्टीचं तापमान उतरवायचा नियम लागू झाला. मामा रोज संध्याकाळी सहा वाजता चार्जिंगची वही माझ्या टेबलावर आणून ठेवतात. मे महिन्यात जळण 26 टनांवर आलं.